लाइव्ह संपल्यावरचं नाव

घाटंजीच्या बाजार रोडला जब्बारभाईंचं फोटोचं दुकान आहे, आणि नसरीन त्यांची लेक. तिला चिडवायचं असेल तर एवढंच म्हणा, "लाइव्ह संपलं ना बाई, आता कायचं काम उरलं?" मग बघा तमाशा. हातातली वायर टेबलावर आपटून ती म्हणणार, "बारसं झालं म्हणून लेकरू वाढवायचं राहते का?"

जब्बारभाईंनी अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत "मान जरा इकडे, हसा" म्हणत जन्म काढला. त्यांच्या काळात अल्बम हातात दिला की माणूस मोकळा. नसरीननं दुकान हाती घेतलं आणि दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि दोन कंपन्यांची सिम कार्डं यांच्या जिवावर इंटरनेटवर कार्यक्रमांचं 'लाइव्ह' सुरू केलं. कीर्तन म्हणू नका, उर्स म्हणू नका, बैलांचा शंकरपट म्हणू नका, जिथे मांडव तिथे नसरीन. लोक तिला 'लाइव्हवाली' म्हणूनच ओळखतात. लग्नाचं वय निघून चाललं म्हणून बाया कुजबुजतात, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पण तिचं खरं वेड वेगळंच. ती म्हणते, प्रत्येक लाइव्हला दोनदा नाव ठेवावं लागतं. सुरू व्हायच्या आधीचं नाव म्हणजे दवंडी. आज, इतक्या वाजता, अमुक गावात, चला लवकर. लिंक आदल्या दिवशीच तयार करून वॉट्सअ‍ॅपवर सोडायची, म्हणजे लोकांना वेळ कळते. पण कार्यक्रम संपला की त्याच लिंकवर त्याचं रेकॉर्डिंग राहतं, आणि मग 'आज' शिळा होतो, 'थेट' खोटं होतं. त्यानंतर जो येतो त्याला तुमच्या कार्यक्रमाचा पत्ताच नसतो. त्याच्याजवळ फक्त त्याची अडचण असते. त्याच्यासाठी दुसरं नाव. व्हिडिओ तोच, लिंक तीच, आधीचं नाव पुसून नवं लिहायचं, खालचं वर्णन बदलायचं, वरचं चित्र बदलायचं. या दुसऱ्या नावाचं कुणी तिला कधी विचारत नाही. ते ती आपल्या हौसेनं करते.

यंदाच्या श्रावणात मात्र ती नुसती हौस राहिली नाही.

दुकानाच्या मागच्या गल्लीत वच्छलाबाई राहते. मजुरीवर जाणारी, बोलायला खट, हाताला दणकट. तिचा नवरा रामधन लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. मागच्या वर्षी शेताच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या त्याला चक्कर आली. तोंडाला फेस, अंगाला घाम. वच्छलाबाईला वाटलं ऊन लागलं. तिनं त्याला सावलीत निजवलं, दूध पाजलं. भिजलेला सदरा तसाच अंगावर. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

पुढे यंदाचा श्रावण लागल्यावर ती नसरीनच्या दुकानात फोनला रिचार्ज मारायला आली आणि उभ्या उभ्या बोलून गेली.

"मोबाईल होता ना वो माह्या हातात! म्या त्याले बोलून इचारलं, फवारता फवारता माणूस पडला तं पह्यले काय करू? त्यानं मले पंप दाखवले. नवे पंप, जुने पंप, बॅटरीचे पंप. म्या पंप पाहत बसली आन् हा गेला."

वच्छलाबाई गेल्यावर नसरीननं आपल्या फोनवर तेच शब्द बोलून पाहिले. पंपच आले. खाली कुठल्या कुठल्या मेळाव्यांचे व्हिडिओ, भव्य आणि दिव्य. त्यातल्या एखाद्यात हे सांगितलं असेलही, पण चार तासांच्या व्हिडिओत ते कोण आणि कसं शोधणार? त्याच संध्याकाळी ती वामनरावांच्या घरी जाऊन उभी राहिली.

वामनराव म्हणजे शेतकरी मंडळाचे अध्यक्ष. माणूस दिलदार, कुणाच्या अडल्यानडल्याला धावणारा, पण नावाचा भुकेला. फ्लेक्सवर फोटो अंगठ्याएवढा आला तर दोन दिवस जेवायचे नाहीत. नसरीननं सांगितलं की फवारणीचे दिवस आले आहेत, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुरभींना बोलवा, लाइव्ह मी फुकट करते. वामनराव लगेच तयार. मेळाव्याच्या आदल्या रात्री त्यांनी फोनवर लाइव्हचं नाव सांगायला घेतलं.

"लिही पोरी. मा. अध्यक्ष श्री. वामनरावजी यांच्या अध्यक्षतेखाली, सर्व मा. संचालक मंडळाच्या प्रमुख उपस्थितीत, भव्य शेतकरी..."

"काका, शंभर अक्षरात बसवा लागते. कानामात्रा बी मोजते थे."

"मंग? किती झाले?"

"अजून तुमचे संचालकच बसून राह्यले खुर्चीवर. फवारणी आलीच नाई."

वामनराव चिडले. त्यांनी आपल्या अर्ध्या पदव्या काढल्या, मग संचालकांना काढलं, पण स्वतःला काढेनात. शेवटी नाव ठरलं: 'थेट: वामनरावजींच्या अध्यक्षतेखाली शेतकरी मार्गदर्शन मेळावा, घाटंजी, उद्या सकाळी ११'. नसरीन म्हणाली, चालते. दवंडीला एवढं पुरे. माणसं यायला पाहिजेत, आणि वामनरावांच्या नावानं माणसं येतात, हे तिलाही नाकारता येत नव्हतं.

आणि आली की हो! मंडळाचा हॉल भरला, बाया भिंतीला टेकून बसल्या. लाइव्हवर गावोगावचे लोक जोडले गेले. सुरुवातीचा वेळ हार-तुऱ्यात गेला, तो जायचाच. मग डॉक्टर सुरभी उठल्या. वयानं लहान, पण बोलणं असं की एक माणूस तंबाखू मळायचा विसरला. कोणत्या वेळी फवारावं, वारा कुणीकडून हवा, हातमोजे कसे घालावे, सगळं त्यांनी सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मात्र हॉल चूप. आपल्याकडे असंच असतं, सभेत कोणाला अडचण नसते.

तेवढ्यात भिंतीजवळून वच्छलाबाई उठली. पदर सावरला, हात वर केला आणि सरळ विचारलं.

"डाक्टरीणबाई, फवारता फवारता माणूस पडला तं पह्यले काय करू?"

नसरीनचा हात कॅमेऱ्यावर होता. तिनं कॅमेरा बाईकडे वळवला. तिला पुढचं काही दिसेना, डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली. त्याला फवाऱ्यापासून दूर मोकळ्या हवेत न्या. औषधानं भिजलेले कपडे काढा, लाज धरू नका. साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा, धुणाऱ्यानं आपल्या हातात मोजे किंवा पिशवी घालावी. उलटी करवू नका, दूध पाजू नका, शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर निजवा. एकानं तोवर १०८ ला फोन लावावा. आणि औषधाची बाटली किंवा पुडा सोबत आणा, म्हणजे आम्हाला कळेल की अंगात नेमकं काय गेलं. वच्छलाबाई उभ्यानं ऐकत होती. 'दूध पाजू नका' म्हटल्यावर तिनं मान खाली घातली आणि मग कितीतरी वेळ वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नसरीन दुकानाचं शटर अर्धं ओढून बसली. पूर्ण व्हिडिओ पुन्हा ऐकला. कोणती गोष्ट कुठल्या मिनिटाला सुरू होते ते टिपलं. वर्णनात पहिली ओळ शून्य मिनिटाची, 'सत्कार आणि प्रास्ताविक'. मग खाली एकाखाली एक, चढत्या क्रमानं. अशी लिहिली की व्हिडिओचे आपोआप भाग पडतात आणि माणूस बोट ठेवून हव्या त्या भागावर उडी मारतो. सत्काराचा भाग कापून टाकता आला असता, पण तिनं कापला नाही. कोणाचा हार कशाला काढा! फक्त ज्याला घाई आहे त्याला तो ओलांडता यावा. मग 'थेट' काढलं, 'उद्या' काढला, आणि वामनरावांना काढून वर्णनाच्या तळाशी, सगळ्या संचालकांसोबत, पूर्ण पदव्यांसह बसवलं. वरती लिहिलं, फवारणीत विषबाधा झाल्यास प्रथमोपचार.

दुपारी वामनराव दुकानात. चेहरा लाल.

"माहं नाव कुठी गेलं?"

"खाली आहे काका. श्री, मा, जी, सगळं लावलं."

"खाली कोण पाहते? मेळावा कोणाचा होता? मंडळाचा! जसं होतं तसं करून दे."

"अवो काका, ज्याचा माणूस वावरात पडला, थो तुमचं नाव टाकून शोधन का?"

"मले शिकवू नको पोट्टे. चॅनल मंडळाचं हाये."

चॅनल मंडळाचं होतं, ते खरंच. नसरीनला फक्त हाताळायला दिलेलं. जब्बारभाई आतून हळूच म्हणाले, "जाने दे बेटा, बडे हैं." नसरीननं दात ओठ खाऊन जुनं नाव परत टाकलं. 'थेट' पण, 'उद्या' पण. संपलेल्या मेळाव्याला 'उद्या' या म्हणून बोलावणारं नाव.

वामनराव अजून खुर्चीवरच बसले होते, विजयाचा चहा पीत. तेवढ्यात वच्छलाबाई आली. तिला डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं शेजारच्या बायांना ऐकवायचं होतं.

"नसरीन, मले थे काल्चं सापडून नाई राह्यलं वो. म्या सक्कापासून इचारून राह्यली, पंपच येतेत."

"कसं इचारलं वच्छलाबाई?" नसरीन म्हणाली. "काकांच्या फोनमंदी बोला बरं."

वामनराव गडबडले, पण फोन पुढे केला. वच्छलाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि वर्षभरापूर्वी धुऱ्यावर विचारलं होतं तेच, त्याच शब्दांत विचारलं. फवारता फवारता माणूस पडला तं पह्यले काय करू. वामनरावांच्या फोनवर पंप आले. त्यांनी बोटानं वर सरकवलं. पंप. अजून वर. कुण्या तिसऱ्या तालुक्यातला भव्य मेळावा. त्यांचा स्वतःचा मेळावा, ज्याच्यात या बाईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर दिलेलं होतं, तो कुठेच नव्हता.

"रामधन पडला तवा बी असंच आलं होतं," वच्छलाबाई म्हणाली. तिनं काही टोमणा मारला नव्हता, तिला नावाचं भांडण माहीतही नव्हतं. ती आपली बोलून गेली.

वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. रामधन त्यांच्याही वावरात फवारायला यायचा.

"बदलव," ते म्हणाले. "काय टाकायचं थे टाक. माहं नाव खाली बी नसलं तं चालते."

आता नसरीनच अडली. तिनं सकाळी लिहिलेलं 'विषबाधा' आणि 'प्रथमोपचार' तिला एकदम परकं वाटायला लागलं. धुऱ्यावर माणूस तोंडाला फेस आणून पडला असता कोण म्हणतं प्रथमोपचार? तिनं लॅपटॉप वच्छलाबाईकडे वळवला.

"तुम्हीच सांगा. तुम्ही बोलता तसंच लिहिते."

"मी? मले अक्षर नाई येत बाई."

"अक्षर माहं, बोलणं तुमचं."

आणि असं ते नाव झालं: 'फवारता फवारता माणूस पडला तर पहिले काय करावं?' फोनवर नावाचे सुरुवातीचेच शब्द दिसतात, म्हणून प्रश्न अगदी पुढे, आणि मागे 'फवारणी विषबाधा' हेही ठेवलं, पुस्तकी शब्दानं शोधणाऱ्यासाठी. वर्णनात वच्छलाबाई सांगत गेली आणि नसरीन साध्या वाक्यांत लिहीत गेली. चक्कर येते, डोळ्यासमोर अंधारी येते, मळमळते, लाळ गळते, हातपाय लटपटतात, किंवा वावरात म्हणतात तसं, औषध चढलं. प्रश्नोत्तराच्या त्या भागाला नाव दिलं, 'पहिले हे करा'. वरच्या चित्रातून हार घातलेले वामनराव गेले आणि हात वर करून विचारणारी वच्छलाबाई आली. वामनरावांनीच मागून सांगितलं, "थोडं मोठं कर चित्र, वावरात उन्हानं दिसत नाई."

मग काय, काही नाही. आठवडा गेला, पोळा आला. व्हिडिओ आपला पडून. नसरीन रोज उघडून पाहायची, आकडा चार-दोननं हलायचा, आणि वामनराव रस्त्यात भेटले की भुवया उडवायचे.

एक दिवस तिनं आकड्यांच्या मागचं पान उघडलं. लोक काय शोधत शोधत या व्हिडिओपर्यंत पोचले, त्यांचे शब्द तिथे दिसतात. कोणी शोधलं ते दिसत नाही, फक्त शब्द. 'औषध चढलं काय करावं'. 'फवारणी चक्कर'. 'कापूस फवारला उलटी'. 'फवारणी डोळे अंधारी'. नसरीन वाचतच राहिली. हे शब्द कुणी बसून टाइप केलेले नव्हते, कुणीतरी घाबरून बोललेले होते. कुठल्या वावरातून, कुठल्या घरातून, अल्ला जाणे. एवढ्या मोठ्या जगात तो घाबरलेला आवाज भटकत भटकत आला आणि या एका ओळीपाशी येऊन थांबला. तिनं अब्बांना हाक मारली. जब्बारभाईंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, आणि आयुष्यभर लोकांना हसा हसा म्हणणाऱ्या त्या माणसानं चष्मा काढून हातात घेतला.

"या अल्ला," ते म्हणाले. "ये तो लोगां पुकार रहे हैं."

भादव्यातल्या बाजाराच्या दिवशी दुकानात एक जोडपं आलं. आर्णीकडच्या तांड्यावरचे, देवसिंग आणि त्याची बायको पूनम. फोटो काढायचा असेल म्हणून नसरीननं खुर्ची पुढे केली. पूनमनं फोन काढून समोर धरला. त्यावर तोच व्हिडिओ.

"हा तुम्हीच टाकला ना? खाली दुकानाचं नाव होतं, म्हणून विचारत विचारत आलो."

मग पूनमनं सांगितलं. दोघंच वावरात होते. देवसिंग फवारत होता, वारा फिरला, पाठीवरचा पंप गळत होता ते कळलंच नाही. तो भेलकांडला आणि पडला. ओरडून ऐकायला माणूस नाही. तिनं फोनवर १०८ लावला, ते म्हणाले निघालो, पण वाट लांबची. तोवर काय करू, म्हणून रडत रडत तिनं फोनलाच विचारलं. एक बाई दिसली, हात वर केलेली. खाली 'पहिले हे करा' होतं, त्यावर बोट ठेवलं.

"तुम्हाला सांगते ताई, आधी त्या बाईचा आवाज आला. माझ्या मनात जे होतं तेच ती विचारत होती. तेच! मला वाटलं, कुणीतरी सोबत आहे. मग डॉक्टर बोलल्या तसं करत गेले. कपडे काढले, बोअरवर धुतलं, कुशीवर वळवलं. बाटली ओच्यात घेऊन गाडीत बसले. दवाखान्यात म्हणाले, घरून कुणी शिकवून पाठवलं का तुला?"

देवसिंग पंचविशीचा गडी, अजून अंगात अशक्तपणा होता, टेबलाला धरून उभा होता. त्यानं एवढंच विचारलं की ती विचारणारी बाई कोण, तिचं गाव कोणतं, तिला भेटता येईल का.

नसरीन उत्तर द्यायला थांबलीच नाही. तशीच मागच्या गल्लीत पळत गेली. वच्छलाबाई भांडी घासत होती, राखेच्या हातानंच आली. कोण आले, कायले आले, वाटेत नसरीननं धापा टाकत सांगितलं, पण बाईला अर्धंही कळलं नसावं. दुकानाच्या पायरीवर ती थबकली. देवसिंग तिच्या पायावर वाकला. तिनं त्याला अर्ध्यातच दंडाला धरून उभं केलं, राखेचे पंजे त्याच्या सदऱ्यावर उमटले. मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पोराला न्याहाळावं तसं.

"माह्या तोंडचं बोलणं तुह्यापर्यंत पोचलं?" तिनं विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता. "म्या तं घाटंजीत बोलली होती."

"पोचलं, आई."

वच्छलाबाईनं आपला राखेचा हात त्याच्या छातीवर सपाट ठेवला. बाहेर भाजीवाले ओरडत होते, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता.

"एकदा मोठ्ठा श्वास घे बरं, बाबू," ती म्हणाली. "मले पाहू दे."

देवसिंगनं श्वास घेतला.